मान्सून ‘आला’ हे नेमकं कशावरून ठरतं आणि तारीख दरवर्षी का हलते

प्रश्न: “नमस्कार. मी कागल तालुक्यातला, सोयाबीन आणि भुईमूग करतो. २०२३ ला ८ जूनला मान्सून केरळात आला अशी बातमी आली आणि आमच्याकडं जून सरत आला तरी पेरण्या नाहीत. २०२५ ला तर मे मध्येच आला म्हणाले. हे ‘आला’ कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? आणि तारीख दरवर्षी एवढी मागंपुढं का होते?”

नमस्कार. हवामानाच्या नोंदी घेणं आणि त्या वाचणं हे माझं बरीच वर्षं काम आहे, आणि आता कोल्हापूर भागातल्या शेतकरी गटांना खात्याचा अंदाज समजावून सांगतो, त्यामुळं हा प्रश्न दरवर्षी मे अखेरीला माझ्याकडं येतोच. बहुतेकांची अडचण तारखेची नसतेच खरं तर. बातमीत ‘मान्सून आला’ म्हणजे ‘वाऱ्याची एक व्यवस्था केरळच्या समुद्रावर बसली’ असा अर्थ असतो आणि आपण ऐकतो ‘पाऊस आला’. या दोन गोष्टींमधलं अंतर कधी आठ दिवसांचं असतं, कधी तीन आठवड्यांचं, आणि सगळा घोळ त्या अंतरातच होतो. कारखान्याचा बॉयलर पेटला म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला हे खरं, पण तुमच्या शिवारात तोडणीची टोळी कधी येणार ही वेगळी गोष्ट, तसंच हे.

आधी जाहीर कसं करतात ते सांगतो. ते भारतीय हवामान खातं ठरवतं, आणि २००६ पासून त्यासाठी आकड्यात मोजता येतील असे निकष आहेत. निकष तीन आहेत, पाऊस, वारा आणि ढग, आणि तिन्ही एकाच वेळी जुळायला लागतात.

पावसासाठी १४ ठिकाणं ठरलेली आहेत. लक्षद्वीपमधली मिनिकॉय आणि अमिनी, मग तिरुवनंतपुरम, पुनलूर, कोल्लम, अलप्पुळा, कोट्टायम, कोची, त्रिशूर, कोळिकोड, थलासरी, कन्नूर, कुडुलू आणि अगदी वर मंगळूर. १० मे नंतर यातल्या किमान ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे. १४ च्या १४ ठिकाणांची नोंद आली असेल तर ६० टक्के म्हणजे ८.४, म्हणजे प्रत्यक्षात नऊ ठिकाणं लागतात. २.५ मिलिमीटर म्हणजे काय, तर फार काही नाही, अंगण नीट ओलं होईल एवढाच. मुद्दाम कमी ठेवलाय, कारण इथं किती पडला हे बघायचं नसून पाऊस किती लांबवर पसरलाय आणि दुसऱ्या दिवशी टिकतोय का हे बघायचं असतं. आणि जाहीर होतो तो दुसऱ्या दिवशी.

आता नुसता पाऊस धरला तर काय होईल बघा. समजा २० मे आहे, केरळात दुपारनंतर गडगडाटी ढग उठले, पुनलूरला ४० मिलिमीटर, कोट्टायमला २५, कोचीला १०, असं करत दहा ठिकाणी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तसंच. पावसाचा निकष पास झाला. पण हा तर त्यांच्याकडचा वळीव झाला, तिसऱ्या दिवशी ऊन पडणार आणि आठवडाभर काही नाही. असं खरंच होतं, मे मध्ये बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात एखादं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की केरळात दोनतीन दिवस जोरात पाऊस लागतो, लोक म्हणतात आला, आणि मग ते क्षेत्र निघून गेलं की मागं कोरडं. अशा फसव्या पावसाला मान्सून म्हणायचं नाही म्हणून बाकीचे दोन निकष आहेत.

वाऱ्याच्या निकषात दोन गोष्टी बघतात. पहिली, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा थर किती जाड आहे. विषुववृत्तापासून १० अंश उत्तरेपर्यंत आणि ५५ ते ८० अंश पूर्व रेखांशाच्या पट्ट्यात, म्हणजे सोमालियाच्या पुढच्या समुद्रापासून श्रीलंकेपर्यंत, हे पश्चिमी वारे ६०० हेक्टोपास्कलपर्यंत टिकलेले हवेत, ती उंची साधारण सव्वाचार किलोमीटर धरा. दुसरी गोष्ट वेग, केरळ आणि लक्षद्वीपच्या जवळ, ५ ते १० अंश उत्तर आणि ७० ते ८० अंश पूर्व या चौकटीत, ९२५ हेक्टोपास्कलवर म्हणजे जमिनीपासून पाऊण किलोमीटरच्या आसपास, वारा १५ ते २० नॉट हवा, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटर. माझ्या मते तिन्हीत हा निकष सगळ्यात बोलका आहे. मान्सून म्हणजे मुळात दक्षिण गोलार्धातून निघून, आफ्रिकेच्या किनाऱ्याला वळसा घालून, अख्खा अरबी समुद्र ओलांडून येणारा वारा, आणि तो नुसता खालच्या थरात असेल तर किनाऱ्यावर दोन दिवस भिजवून दमतो. चार किलोमीटर जाडीचा असेल तर तो मागून वाफ आणत राहतो, आज पडला तर उद्याचाही माल वाटेत असतो.

तिसरा निकष ढगांचा. उपग्रहावरून पृथ्वीकडून वर जाणारी उष्णता मोजतात. आकाश मोकळं असलं की समुद्राची ऊब सरळ वर जाते, आकडा मोठा येतो. उंच, जाड ढग असले की उपग्रहाला फक्त त्या ढगांचे थंडगार माथे दिसतात आणि आकडा पडतो. ५ ते १० अंश उत्तर, ७० ते ७५ अंश पूर्व या चौकटीत हा आकडा चौरस मीटरला २०० वॅटच्या खाली आला पाहिजे. म्हणजे ढग नुसते विखुरलेले नकोत, समुद्रावर मोठा पट्टा उभा पाहिजे.

आता वरच्या २० मे च्या उदाहरणाला हे लावा. वारा मोजला तर खालच्या थरात सात-आठ नॉट आणि दिशा धड नाही, दोन किलोमीटरच्या वर तर पूर्वेकडून वाहतोय, समुद्रावरचा ढगांचा आकडा २४०. पाऊस पास, बाकी दोन नापास, म्हणून जाहीर नाही. (हे आकडे समजण्यासाठी मी घेतलेत, कुठल्या एका वर्षाचे नाहीत.) उलटंही होतं, वारा जोरात आहे पण ढग जमेनात.

या पद्धतीला मर्यादा आहेच. रेषा कुठंतरी ओढावी लागते आणि काही वर्षी परिस्थिती नेमकी रेषेवर येऊन उभी राहते. २०२१ ला एका खाजगी संस्थेनं ३० मे लाच मान्सून आल्याचं सांगून टाकलं आणि खात्यानं ३ जूनला जाहीर केला, लोकांनी लगेच कोण खरं कोण खोटं सुरू केलं. अशा वर्षी चार दिवस इकडं तिकडं होणं हा निसर्गातला फरक नसतो, मोजण्यातला असतो. म्हणून एकेका दिवसावरून वाद घालण्यात मला कधी अर्थ वाटला नाही.

अजून एक गोष्ट जी फार लोकांना माहीत नसते. हे १४ ठिकाणांचे कडक निकष फक्त केरळसाठी आहेत. कोल्हापूर, पुणे, मुंबई इथं मान्सून आला म्हणताना असं गणित नसतं. तिथं बघतात की त्या विभागात पाऊस पसरून झालाय का, किनाऱ्यालगत ढगांचा मुख्य पट्टा कुठवर सरकलाय, उपग्रहावर बाष्प कुठपर्यंत आत आलंय, आणि नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा म्हणून जी रेघ असते ती सलग राहते का. ही रेघ मध्येच तोडता येत नाही, म्हणून कधी कधी एखाद्या तालुक्यात पाऊस नसला तरी आजूबाजूला सगळीकडं झालाय म्हणून तो तालुका रेघेच्या आत जातो. म्हणजे ‘कोल्हापुरात मान्सून दाखल’ या बातमीत कागलच्या पर्जन्यमापकात काही पडलंय याची हमी नाही.

आता तारखेकडं येऊ. केरळची सरासरी तारीख १ जून, आणि त्यात साधारण आठवडाभर इकडं तिकडं होणं हे नेहमीचंच धरतात. जुन्या नोंदींत सगळ्यात लवकरची तारीख ११ मे १९१८ आहे आणि सगळ्यात उशिराची १८ जून १९७२, म्हणजे महिन्यापेक्षा जास्त फरक. (तेव्हा आताचे निकष नव्हते हे ध्यानात ठेवा.)

एवढा फरक का पडतो, तर मी याचे दोन भाग करून सांगतो. एक भाग हळू चालणारा आहे आणि जवळपास ठरलेला आहे. मार्च ते मे जमीन तापते, वायव्य भारत आणि पाकिस्तानवर दाब कमी होतो, तिबेटकडं वरची हवाही तापते, दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला जास्त दाबाचं क्षेत्र बळकट होतं, आणि मे च्या मध्यापर्यंत वारा उलटण्याची तयारी झालेली असते. यात वर्षावर्षाला फरक पडतो पण तो सावकाश, काही दिवसांचा. दुसरा भाग म्हणजे धक्का. तयारी झाली तरी कुणीतरी ढकलावं लागतं, आणि ढकलणाऱ्या गोष्टी दोन-चार आठवड्यांच्या असतात, त्यांचं कॅलेंडर आपल्या कॅलेंडरला बांधलेलं नसतं.

यातली मोठी गोष्ट म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूनं पूर्वेकडं फिरत जाणारा ढगांचा एक अवाढव्य पट्टा. मॅडन आणि ज्युलियन या दोन शास्त्रज्ञांनी तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला म्हणून त्याला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात, बातम्यांत एमजेओ. हा हिंदी महासागरावरून जातो, पुढं इंडोनेशिया, पॅसिफिक करत ३० ते ६० दिवसांनी परत येतो. तो हिंदी महासागरावर असताना तिथं ढग वाढतात, वारे जोर धरतात, आणि तयारी झालेली असेल तर मान्सून सुटतो. आता हा पट्टा १५ ते २५ मे ला आपल्या समुद्रावर असला तर मान्सून लवकर. आणि तो मे च्या सुरुवातीलाच येऊन गेला तर? मग मे अखेरीला त्याच्या मागची कोरडी बाजू आपल्यावर असते आणि जूनचा पहिला आठवडा वाट बघण्यात जातो. बाकी सगळं तसंच असताना नुसत्या या एका गोष्टीनं आठ-दहा दिवसांचा फरक सहज पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चक्रीवादळं आणि कमी दाबाची क्षेत्रं, आणि तुम्ही विचारलेली दोन्ही वर्षं इथंच उलगडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०२३ ला खात्याचा अंदाज ४ जूनचा होता, अधिक-उणे चार दिवस. ५-६ जूनला आग्नेय अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झालं. त्याच्याच वाऱ्यांनी केरळकडं बाष्प खेचलं आणि ८ जूनला निकष पूर्ण झाले, पण सुरुवात कमजोर होती. मग ते वादळ किनाऱ्यापासून बरंच लांब, खोल समुद्रातून उत्तरेकडं सरकत राहिलं. नकाशा डोळ्यासमोर आणा, वादळ आपल्या पश्चिमेला समुद्रात आहे आणि वारे त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतायत, म्हणजे वादळाच्या पूर्वेकडं, आपल्या किनाऱ्यावर, वारा दक्षिणेकडून उत्तरेकडं वाहणार. सह्याद्रीला पाऊस पाडायला वारा पश्चिमेकडून येऊन घाटावर आपटावा लागतो. दक्षिणेकडून घाटाला समांतर वाहणारा वारा आपटतच नाही, सरळ निघून जातो, आणि समुद्रावरचं बाष्प वादळाच्या पोटात गोळा होत राहतं. ११ जूनला मान्सून रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. बिपरजॉय १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर गेलं. त्यानंतर अरबी समुद्रावरचा पश्चिमी वारा परत पहिल्यापासून उभा राहायला वेळ लागला आणि २५ जूनला मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, असं त्याआधी २१ जून १९६१ ला झालं होतं. म्हणजे तुमच्या कोरड्या जूनचं पहिलं कारण केरळातल्या उशिरात शोधू नका, ८ जून हा काही फार उशीर नव्हता. कारण नंतरच्या दोन आठवड्यांत आहे.

२०२५ ला तयारी लवकर झाली होती, १३ मे लाच मान्सून निकोबार आणि अंदमानच्या समुद्रात दाखल झाला होता. अंदाज २७ मे चा होता, अधिक-उणे चार. तेव्हाही अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं, पण ते झालं आपल्या कोकण किनाऱ्याला लागूनच, आणि २४ मे ला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. परत नकाशा बघा. क्षेत्र किनाऱ्यालगत आहे म्हणजे त्याच्या दक्षिणेकडं, गोवा ते केरळच्या पट्ट्यात, वारा थेट पश्चिमेकडून जमिनीवर येणार. जो वारा मान्सूनला हवा तोच, त्याच दिशेनं, जास्त जोरात. केरळात २४ मे ला निकष पूर्ण झाले, २००९ नंतरची ही सगळ्यात लवकरची तारीख. २५ ला तळकोकण, २६ ला मुंबई आणि पुणे. मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची त्याआधी नोंद नव्हती.

म्हणजे दोन्ही वर्षी अरबी समुद्रात कमी दाबच होता, पण किनाऱ्याला चिकटून असलेला मान्सूनला ओढून घेऊन आला आणि लांबून उत्तरेकडं गेलेल्यानं त्याचं बाष्प पळवलं. हा फरक एकदा कळला की मे-जूनमध्ये ‘अरबी समुद्रात कमी दाब’ अशी बातमी आली की पहिला प्रश्न कुठं आणि कुठल्या दिशेनं हाच विचारायचा. उपसागरातल्या वादळाचंही असंच बघावं लागतं. २०२४ ला रेमल २६ मे च्या रात्री बंगालच्या किनाऱ्यावर गेलं, त्यानं उपसागरातली शाखा वर ओढली आणि ३० मे ला केरळात आणि ईशान्य भारतात मान्सून एकाच दिवशी जाहीर झाला.

पण २०२५ ची गोष्ट २६ मे ला संपत नाही. त्या क्षेत्राचा जोर ओसरला, आणि मे च्या शेवटी मान्सूनची सीमा जिथं होती तिथंच थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. पुढं उपसागरात नवीन ढकलणारी प्रणाली आली तेव्हा गाडी परत निघाली. अख्खा देश व्यापला २९ जूनला. आणि उशीर झालेल्या २०२३ ला? २ जुलैला. दोन्ही वर्षी ८ जुलै या नेहमीच्या तारखेच्या आधीच. केरळातलं १५ दिवसांचं अंतर शेवटी तीन दिवसांवर आलं! मला तर या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मान्सून एकसारखा चालत येत नाही, तो टप्प्याटप्प्यानं उड्या मारत येतो, आणि केरळची तारीख ही त्यातल्या फक्त पहिल्या उडीची तारीख आहे.

त्यावरून पुढचाही एक गैरसमज काढून टाकतो, लवकर आला म्हणजे वर्ष चांगलं जाणार हा. वर मी सगळ्यात लवकरचं वर्ष १९१८ सांगितलं आणि सगळ्यात उशिराचं १९७२. ही दोन्ही दुष्काळाची वर्षं आहेत. २००९ ला २३ मे ला आला आणि हंगामाचा पाऊस सरासरीच्या ७८ टक्के. २०१९ ला ८ जूनला आला, वायू चक्रीवादळानं पुढची चाल अडवली, मुंबईत पोचायला २५ जून उजाडला, आणि त्याच हंगामात देशात ११० टक्के पाऊस झाला. आपल्याला तर ते वर्ष सांगायलाच नको, ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली होती. एल निनो असला की यायला उशीर होण्याकडं कल असतो हे खरंय, पण तो कल आहे, नियम नाही. २००९ सुद्धा एल निनोचंच वर्ष होतं.

अंदाजाबद्दल थोडं. केरळच्या तारखेचा अंदाज खातं २००५ पासून मे च्या मध्याला देतं. त्यात वायव्य भारतातलं किमान तापमान, दक्षिण भारतातल्या मान्सूनपूर्व पावसाचा जोर कधी आला, दक्षिण चीन समुद्रावरचे ढग, हिंदी महासागरावरचे खालचे-वरचे वारे अशा सहा गोष्टी वापरतात. चूक अधिक-उणे चार दिवसांची धरलेली असते आणि २००५ ते २०२४ मध्ये फक्त २०१५ ला ती ओलांडली, तेव्हा ३० मे सांगितला होता आणि आला ५ जूनला. म्हणजे केरळचा अंदाज चांगलाच आहे. तुम्हाला कागलच्या शेतासाठी मात्र त्याचा थेट उपयोग कमी आहे, त्याची कारणं वर आलीच.

मग कागलात बसून काय बघायचं? आपला जिल्हा यासाठी अवघडच आहे. गगनबावड्याला हंगामात पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरच्या आत शिरोळला त्याच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास. वारा कमजोर असला की सगळा पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर उतरतो आणि खाली आपल्याकडं नुसते ढग धावताना दिसतात. वाऱ्याचा थर जाड झाला की मगच ढग घाट ओलांडून कागल, हातकणंगल्यापर्यंत पाऊस टाकत येतात. म्हणून मी गटात दोन गोष्टी बघायला सांगतो.

पहिली, मोबाईलवर विंडीसारखं कुठलंही वाऱ्याचं ॲप उघडा, उंची ९२५ हेक्टोपास्कल लावा आणि गोवा-रत्नागिरीच्या समोरचा समुद्र बघा. वारा पश्चिमेकडून किंवा नैऋत्येकडून सरळ किनाऱ्यावर येतोय का, आणि २० नॉटच्या आसपास आहे का. मग तीच जागा ७०० आणि ६०० वर बघा, तिथंही पश्चिमच असेल तर थर जाड आहे. खाली पश्चिम आणि वर पूर्व किंवा उत्तर असेल तर अजून वळवाचेच दिवस. आणि हे आजचं न बघता पुढच्या पाच दिवसांचं बघा, टिकतंय का हाच मुद्दा आहे. त्याच्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा कल बघायला खात्याचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज वाचा, त्यात एमजेओ कुठं आहे तेही असतं.

दुसरी, बाहेर उभं राहून आकाश बघा. वळीव दुपारनंतर येतो, बऱ्याचदा पूर्वेकडून भरतो, आधी धूळ आणि सोसाट्याचा वारा, मग विजा, कधी गारा, एका शिवारात पाणी आणि शेजारी कोरडं, आणि दुसऱ्या दिवशी परत तसाच उकाडा. मान्सूनची हवा वेगळी कळते. वारा रात्रंदिवस पश्चिमेकडून राहतो, पन्हाळ्याकडचे, राधानगरीकडचे डोंगर सकाळीही ढगात असतात, पाऊस सकाळी-पहाटेही येतो, गडगडाट कमी होतो, आणि दिवसाचं तापमान पडून दिवस-रात्रीतला फरक एकदम कमी होतो. थर्मामीटर असेल तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा, दुपारी ३५-३६ आणि पहाटे २३ असं चाललेलं असताना सलग तीन दिवस दुपार २९-३० वर आली की हवा बदलली समजा.

पेरणीचं म्हणाल तर ते जमिनीवर अवलंबून आहे, काळं भारी रान आणि मुरमाड रान यांना एकच उत्तर देता येत नाही. घाटाकडं भाताची धूळवाफ पेरणी करतात ती पाऊस यायच्या आधीच, त्यांचं गणित वेगळं, तिथं मे मध्येच धो धो पाऊस लागला तर उलट पंचाईत होते, रान तयार करायलाच वाफसा मिळत नाही, २०२५ ला हेच झालं. तुमच्या सोयाबीन-भुईमुगाला कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका म्हणतो, आणि मी त्यात एवढंच जोडतो की तो पाऊस वळवाचा आहे का पश्चिमी वाऱ्याचा हेही बघा. वळवाचा १०० मिलिमीटर होऊन मागं वारा उभा नसेल तर उगवून आलेलं दहा-बारा दिवस तहानेवर राहू शकतं. हाताशी विहीर किंवा नदीचं पाणी असेल तर ती जोखीम घ्या, नुसतं पावसावर असाल तर वाऱ्याचा थर सहाशेपर्यंत पश्चिम झालेला दिसेपर्यंत बियाणं पोत्यातच राहू द्या.